अनंत भूमिती श्रेणी: गुणोत्तर −१ आणि १ यांच्या मधेच का असावे लागते?

मितभाषी
१ + r + r² + … या बेरजेला S म्हटले, तर पहिले पद सोडून उरलेली सगळी पदे मिळून rS होतात. म्हणून S = १ + rS आणि S = १/(१ − r). यात r लहान असावे असे मी कुठेही गृहीत धरलेले नाही. मग ही अट मागाहून चिकटवलेली नाही का? माझ्या मते ती निव्वळ सोयीची आहे, आणि १ − १ + १ − १ + … ची बेरीज १/२ मानायला हरकत नसावी.

सायंतारा
अट चिकटवलेली मुळीच नाही. r या दोन मर्यादांच्या आत असेल तर पदे लहान होत शून्याकडे जातात, आणि पदे शून्याकडे गेली की बेरीज आपोआप एका संख्येपाशी स्थिरावते. बाहेर असेल तर पदे शून्याकडे जात नाहीत, म्हणून बेरीज नाही. याहून अधिक त्यात काही नाही.

जुना फळा
सायंतारा, पदे शून्याकडे गेली नाहीत तर बेरीज नाही, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. उलट बाजू मात्र खरी नाही. १ + १/२ + १/३ + १/४ + … यातही पदे शून्याकडेच जातात, तरी पुरेशी पदे घेतल्यास बेरीज कोणत्याही संख्येच्या पुढे निघून जाते. भूमिती श्रेणीत तुमचा नियम लागू पडतो, पण का पडतो हे वेगळे दाखवावे लागते.

मितभाषींची चूक नेमक्या एका ठिकाणी आहे. त्यांचीच क्रिया अनंत पदांऐवजी पहिल्या n पदांवर करून पाहावी. त्या बेरजेला S(n) म्हणू. तिला r ने गुणून १ मिळवला, तर S(n) परत मिळते खरी, पण शेवटी rⁿ हे एक पद जास्तीचे येते, कारण गुणताना शेवटचे पद एक घर पुढे सरकलेले असते. म्हणून खरे समीकरण S(n) = १ + r·S(n) − rⁿ असे आहे, आणि त्यातून S(n) = १/(१ − r) − rⁿ/(१ − r) मिळते (r = १ नसताना). S = १ + rS लिहिताना आपण हे rⁿ न सांगता टाकून दिले. r = १/२ असेल तर सात पदांनंतर टाकलेला भाग एकूण बेरजेच्या १/१२८ उरतो, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. r = ०.९९ असेल तर एक टक्क्याच्या आत यायला ४५९ पदे लागतात, पण तो भाग अखेर नाहीसा होतो. r = २ घेतल्यास S(n) = −१ + २ⁿ. आपल्या सूत्राने दिलेले −१ त्यात आहेच. फक्त शेजारचे २ⁿ आपण फेकून दिले, आणि खरे तर सगळी बेरीज त्याच्यातच होती.

तेव्हा S = १ + rS एवढेच सांगते की, बेरीज नावाची संख्या असेल तर ती अमुकच असली पाहिजे. ती आहे की नाही, यावर हे समीकरण काहीच बोलत नाही.

हिशेबी
माझा अनुभव मात्र उलट आहे. दर महिन्याच्या बचतीचा हिशेब करताना मी गुणोत्तर १.०१ धरतो. बारा हप्त्यांसाठी सूत्र एका हप्त्याच्या १२.६८ पट देते, आणि एकेक ओळ मांडून केलेली बेरीजही तेवढीच येते. गुणोत्तर एकापेक्षा मोठे असूनही सूत्र चुकत नाही, मग ही अट कशासाठी?

जुना फळा
हिशेबी, तुमची पदे बाराच आहेत, आणि तुमच्या सूत्रात rⁿ शाबूत आहे. मर्यादित पदांसाठी r = १ सोडून कोणतेही गुणोत्तर चालते. प्रश्न पदे न संपण्याचा आहे.

पायवाट
मी शिकवणीत ‘गुणोत्तर एकापेक्षा लहान हवे’ एवढेच वाक्य पाठ केले होते. परीक्षेत १ − २ + ४ − ८ + … आले. −२ हे एकापेक्षा लहानच, म्हणून मी निःशंकपणे १/३ लिहून मोकळी झाले. नंतर बेरजा मांडून पाहिल्या तर १, −१, ३, −५, ११, −२१. १/३ च्या जवळ त्या एकदाही थांबत नाहीत. दर पावलाला दुप्पट दूर जातात. अटीचा खालचा अर्धा भाग किती महत्त्वाचा आहे हे त्या दिवशी कळले.

मितभाषी
r = २ बाबत मी हरलो. पण −१ चे काय? जुना फळा यांच्याच सूत्रात r = −१ घातल्यास बेरजा १, ०, १, ० अशा येतात, म्हणजे १/२ च्या दोन्ही बाजूंना बरोबर अर्ध्यावर. ग्रांदी यांनी १७०३ मध्ये हाच १/२ मांडला होता. r = −०.९ असतानाही बेरजा मधल्या संख्येभोवती अशाच झुलतात. तिथे मधली संख्या मान्य आणि इथे अमान्य, हे का?

जुना फळा
कारण तिथला झोका कमी होत जातो. r = −०.९ असताना मधली संख्या सुमारे ०.५२६ आहे. दहा पदांची बेरीज ०.३४३, अकरा पदांची ०.६९१; पन्नास पदांनंतर मात्र अंतर ०.००३ इतकेच उरते. r = −१ असताना हजाराव्या पदालाही अंतर अर्धेच राहते.

बेरजांची सरासरी घेत जावे, असे ठरवले तर १/२ मिळतो. चेझारो यांनी १८९० मध्ये ही रीत मांडली. पण मग तो सरासरीचा निकाल आहे, असे सांगावे लागेल. आणि पायवाट यांच्या −२ ला ती रीत लावा: सरासरी १, ०, १, −०.५, १.८, −२ अशी येते, आणि झोका वाढतच जातो. अट थोडी सैल झाली, नाहीशी झाली नाही.

बिटबहाद्दर
r = २ ची बाजू कोणी घेत नाही, म्हणून मी घेतो. आठ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात १ + २ + ४ + … + १२८ केले की सगळे बिट १ होतात, आणि यंत्र ती संख्या −१ अशीच वाचते. पुढची पदे आठ बिटांत मावतच नाहीत, म्हणून ती मिळवून काही बदलत नाही. r = ४ घ्या: १ + ४ + १६ + ६४ = ८५, आणि ८५ ला ३ ने गुणले की २५५, म्हणजे पुन्हा −१. थोडक्यात, ८५ हा तिथला −१/३ आहे, जो सूत्र सांगते.

जुना फळा
उदाहरण मला आवडले, आणि ते खोटे नाही. तिथे यंत्र नेमके rⁿ च टाकून देते, कारण २५६ च्या पटीतली प्रत्येक संख्या त्याच्या लेखी शून्य आहे. पण r = ३ घ्या. ३ चा कोणताही घात विषमच राहणार, म्हणून तो कधीच पुसला जात नाही आणि बेरीज भटकत राहते. तीच गत −१ ची. आणि आपले लाडके १/२ तर त्या यंत्रात लिहिताच येत नाही, कारण २ ने गुणल्यावर १ देणारी संख्या तिथे नाही. तिथलीही अट ‘rⁿ नाहीसे झाले पाहिजे’ हीच आहे, फक्त तिथे ती सम संख्या पाळतात.

मितभाषी
मग −१ ला दोन्हीकडे दार बंद. तरीही सरासरीच्या १/२ ला ‘बेरीज’ हा शब्द नाकारण्यात गणितापेक्षा नामकरणाचाच भाग जास्त आहे, हे माझे मत कायम आहे.

सायंतारा
नामकरणच म्हणा हवे तर, पण मग पद मिळवले की बेरीज १ आणि पुढचे मिळवले की ०, असे दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला तुम्ही कोणत्या तोंडाने १/२ सांगणार?