मदत हवी आहे: चमकीचा हात धुण्याचा खेळ उलटाच पडला

पाटीपेन्सिल

नमस्कार. माझ्या वर्गात चार-पाच वर्षांची सोळा मुलं आहेत. हात धुताना बोटं नळाखाली धरायची आणि पळायचं, एवढंच त्यांना माहीत. म्हणून गेल्या आठवड्यात चमकीचा खेळ घेतला. प्रत्येकाच्या हाताला पेट्रोलियम जेली चोळली, वर हस्तकलेची चमकी भुरभुरली आणि सांगितलं की हे जंतू आहेत. अर्ध्या मुलांनी नुसत्या पाण्याने हात धुवायचे, अर्ध्यांनी साबणाने.

झालं असं की दोन्ही गटांच्या हातावर चमकी जवळजवळ सारखीच राहिली. मुलांनी निष्कर्ष काढला, "साबणाने काही होत नाही." एका मुलीने त्याच हाताने डोळा चोळला, तो लाल झाला. नशिबाने संध्याकाळपर्यंत बरा झाला. आणि कळस म्हणजे दुसऱ्या दिवशी जेवणाआधी एकाने हात पुढे करून दाखवले, "बाई, चमकी नाहीये, मग कशाला धुवायचे?"

त्याला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही. हा खेळ नीट कसा घ्यायचा? की सोडूनच द्यावा?

निवांतपणे

पाणी गार होतं का? गरम पाण्याने जंतू मरतात, चमकीही जाते. आमच्याकडे कोमट पाण्यात पाच मिनिटांत स्वच्छ झाली होती.

हातखंडा

मी बरीच वर्षं लहान मुलांसाठी आरोग्याचे खेळ घेते. तुमचा घोटाळा पाण्यात नाही, जेलीत आहे.

साबणाचा कण एका बाजूने तेलाला धरतो आणि दुसऱ्या बाजूने पाण्याला, म्हणून चोळल्यावर तेल सुटून पाण्याबरोबर वाहून जातं. पेट्रोलियम जेली मात्र इतकी घट्ट असते की लहान मुलाच्या वीस सेकंदांच्या चोळण्याला ती दाद देत नाही. तिथे आपल्याला सुद्धा दोन-तीनदा साबण लावावा लागतो. म्हणजे खेळातली घाणच खऱ्या घाणीपेक्षा चिवट झाली आणि साबण हरला.

जेलीऐवजी हाताला लावायचं साधं, पातळ लोशन घ्या. मुलामागे वाटाण्याएवढं, जास्त नको. ते दोन्ही हातांवर पसरू द्या आणि अर्धा मिनिट थांबा, हात ओलसर चिकट लागला पाहिजे, बुळबुळीत नाही. मग चिमूटभर चमकी. नुसत्या पाण्याखाली बरीचशी चमकी टिकली आणि साबणाने बहुतेक गेली, तर प्रमाण जमलं असं समजा. हे आदल्या दिवशी स्वतःच्या हातावर करून बघा, कारण प्रत्येक लोशन वेगळं वागतं. पाण्यानेच सगळी गेली तर लोशनमध्ये खोबरेल तेलासारख्या कुठल्याही तेलाचे दोन थेंब मिसळा. साबणानेही राहिली तर तेल कमी करा.

निवांतपणे, कोमट पाण्याने तेल पातळ होतं, त्यामुळे चमकी लवकर जाते हे बरोबर. पण हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्याने जंतू मरत नाहीत. मुलांना तसं सांगितलं तर ती गार पाण्याचा नळ दिसला की हात धुणं टाळतील. आणि पाच मिनिटं कुठलंही मूल रोज धुणार नाही.

डोळ्याबद्दल: हस्तकलेची चमकी वापरूच नका. ती प्लास्टिकची, कडा धारदार, बुबुळावर ओरखडा येऊ शकतो. चेहऱ्याला लावायची बारीक चमकी मिळते ती घ्या, आणि तीही डोळ्यांपासून लांबच. तरी कण गेलाच तर डोळा चोळू न देता स्वच्छ पाण्याची धार सोडायची. दुखणं किंवा लाली राहिली तर डॉक्टर. हातावर जखम किंवा चिरा असलेल्या मुलाला त्या दिवशी निरीक्षक करा, त्याला ते जास्त आवडतं.

घरचाअभ्यास

यापेक्षा मिरपुडीचा प्रयोग करा की! ताटलीत पाणी, वर मिरपूड. बोटाला साबण लावून मधोमध टेकवलं की मिरपूड झर्रकन कडेला पळते. जंतू साबणाला घाबरून पळतात हे मुलांना लगेच कळतं. चमकी नको, डोळ्याची भानगड नको.

हातखंडा

दिसतो सुंदर, पण हा प्रयोग हात धुण्याचा नाहीच. पाण्याच्या पृष्ठभागावर ताण असतो, त्यावर मिरपूड तरंगते. साबणाने मधला ताण कमी झाला की कडेचं पाणी ती खेचून नेतं. जंतू असे पळत नाहीत. ते कातडीला आणि तेलकट थराला चिकटलेले असतात, चोळून सोडवावे लागतात आणि पाण्याने वाहून न्यावे लागतात. काही विषाणूंवर चरबीचं आवरण असतं ते साबणाने फुटतं, हा वेगळा भाग.

एका गटात मी हा प्रयोग आधी घेतला होता. नंतर तीन मुलं साबणाच्या वडीला एक बोट टेकवून परत आली. त्यांचं चुकलं नव्हतं, मी दाखवलं होतं तेच त्यांनी केलं.

शंकासुर

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, चालेल ना? घरात गालिच्यावर चमकी सांडली आहे, महिना झाला निघत नाही. साबणाने निघेल का?

पाटीपेन्सिल

शंकासुर, वर्गातल्या फरशीवरची मी चिकटपट्टीने टिपून काढली. गालिच्याचं माहीत नाही!

हातखंडा ताई, लोशनचं पटलं. पण "चमकी नाही म्हणजे जंतू नाहीत" याचं काय?

हातखंडा

ते या खेळाचं खरं दुखणं आहे. चमकीचा बारीक कण साधारण पाव मिलिमीटरचा, तर जिवाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. चार वर्षांच्या मुलाला हे सांगून उपयोग नाही. "हे जंतू आहेत" म्हटलं की त्याच्यासाठी जंतू चमकतातच.

म्हणून मी दोन बदल करते. पहिला, "हे जंतू आहेत" असं न म्हणता "ही चमकी जंतूंचं सोंग घेणार आहे, खरे जंतू दिसत नाहीत" असं म्हणते. सोंग हा शब्द मुलांना बरोबर कळतो. दुसरा, चमकी सगळ्यांना लावत नाही. चौघांत एकालाच लावायची. त्याने दुसऱ्याशी हात मिळवायचा, दुसऱ्याने तिसऱ्याशी, तिसऱ्याने एक चेंडू उचलून चौथ्याला द्यायचा. मग चौथ्याला विचारायचं, तुला कुणी चमकी लावली? कुणीच नाही, तरी त्याच्या हातावर चार-पाच कण असतात. हात धुण्याचं कारण मुलाला इथे सापडतं, "न लावताही आली".

मोठ्या गटांत अतिनील टॉर्चखाली चमकणारी पावडर वापरतात. ती साध्या उजेडात दिसत नाही, त्यामुळे "दिसत नाही पण आहे" हे नेमकं दाखवता येतं. पण खोली चांगली अंधारी लागते आणि टॉर्च मोठ्यांच्याच हातात राहिला पाहिजे, मुलांच्या डोळ्यांवर नको. अजून एक फसवणूक म्हणजे पांढरा कागद आणि धुतलेले पांढरे कपडेही त्या उजेडात निळसर चमकतात. हात पुसल्यावर कागदी रुमालाचे तंतू राहिले की मूल म्हणतं, अजून जंतू आहेत. हात झटकून वाळवले की हा घोळ टळतो.

अबोली

मी आई म्हणून लिहिते. आमच्या मुलीच्या वर्गात असाच खेळ झाला. तेव्हापासून ती दाराची कडी कोपराने उघडते, मैत्रिणीचा हात धरत नाही आणि दिवसातून इतक्यांदा हात धुते की बोटांची कातडी फुटली आहे. जंतूंचं चित्र राक्षसासारखं दाखवलं होतं म्हणे. खेळ घ्या, पण हेही लक्षात असू द्या.

हातखंडा

अबोली, राक्षस मीही पूर्वी दाखवायचे, आता दाखवत नाही. हात कधी धुवायचे ते ठरावीक प्रसंगच सांगते: जेवणाआधी, शौचानंतर, शिंकल्यावर, बाहेरून खेळून आल्यावर. मधल्या वेळेत नाही. पण तुमच्या मुलीला एवढ्याने बरं वाटेल असं म्हणणार नाही. कातडी फुटेपर्यंत धुणं चालू असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि ती भीतीने हात धुते हे त्यांना आवर्जून सांगा.

पाटीपेन्सिल

आज पुन्हा घेतला, सांगते.

चार-चारचे गट केले. आदल्या रात्री स्वतःवर करून बघितलं. लोशनवर तेलाचा एक थेंब पुरला, दोन घातले तेव्हा साबण हरत होता. पहिल्या मुलाच्या हातावर भरपूर चमकी, दुसऱ्याच्या निम्मी, तिसऱ्याच्या तळहातावर थोडी, चौथीच्या बोटांवर मोजून तीन कण. ती ओरडलीच, "मी तर फक्त चेंडू घेतला!"

मग पहिल्या मुलाने एक हात कोरड्या कागदाने पुसला. चमकी गेली नाही, पसरली. त्यावर नुसतं पाणी घेतलं, थोडी गेली. मग दोन्ही हातांना साबण, वीस सेकंद चोळणं (आम्ही मोठ्याने वीस आकडे म्हटले, पण पोरं धावत धावत मोजतात, दहा सेकंदांतच संपले. दुसऱ्या गटात मीच टाळी देत मोजले). तळहात स्वच्छ. राहिली ती अंगठ्याच्या बुडाशी, नखांच्या कडेला आणि हाताच्या मागच्या बाजूला. सगळ्या गटांत जागा त्याच. अंगठा मुठीत धरून फिरवायचा हे मी किती दिवस सांगत होते, आज मुलांनी स्वतःच एकमेकांचे अंगठे तपासले.

धुणं टबात केलं आणि पाणी जुन्या ओढणीतून गाळून ओतलं, चमकी कचऱ्यात गेली. नळात काही सोडलं नाही.

आता परवाच्या त्या मुलाचं. जेवणाआधी त्याने पुन्हा हात बघितले. मी विचारलं, "चौथीच्या हातावर कुणी चमकी लावली होती?" तो म्हणाला, "कुणीच नाही." थोडा वेळ गप्प उभा राहिला आणि म्हणाला, "मग माझ्याकडे पण आली असेल." धुवायला गेला खरा, पण अंगठे विसरून आला.

एक शंका उरली आहे. हे महिन्यातून एकदा घ्यावं, की सारखं घेतल्याने अबोलींनी सांगितलं तसं होईल?

निवांतपणे

आमच्याकडे दर आठवड्याला घ्यायचे. तिसऱ्या वेळी मुलं फक्त चमकीसाठी रांगेत उभी होती.