प्रतिसाद: ४ टक्के चुना म्हणजे चौरस मीटरला किती किलो?

«पुण्याजवळच्या रस्त्याला काळी माती आहे, ४ टक्के चुना सांगितलाय, दाबलेला थर २०० मिमी. चौरस मीटरला किती टाकायचा?»

टक्केवारी कोरड्या मातीच्या वजनावर असते, त्यामुळे थराची जाडी आणि दाबल्यानंतरची कोरडी घनता या दोन्ही गोष्टी हाताशी हव्यात. ही घनता कळण्यासाठी चुना मिसळलेल्या मातीची प्रॉक्टर चाचणी करावी. समजा, तुम्हाला गाठायची कोरडी घनता घनमीटरला १६०० किलो आहे, तर ०.२० × १६०० म्हणजे ३२० किलो कोरडी माती आणि तिचे ४ टक्के, अर्थात १२.८ किलो चुना होतो. २५ किलोची एक गोणी जेमतेम दोन चौरस मीटर पुरते. ओल्या मातीची घनता धरल्यास, २० टक्के ओलाव्याला चुना तेवढ्याच प्रमाणात वाया जातो.

खरी गडबड मात्र खोलीत होते. जागेवरच्या मातीची कोरडी घनता १४५० असेल आणि रोटाव्हेटरचे पाते २५० मिमी उतरले, तर सुमारे ३६२ किलो माती मिसळली जाते आणि तोच १२.८ किलो चुना साडेतीन टक्क्यांवर येतो. हे वरून कोणालाही दिसत नाही. म्हणून मिसळल्यावर लगेच खड्डा घेऊन त्याच्या कडेवर फिनॉल्फ्थॅलीन फवारावे. जिथवर चुना पोहोचला तिथवर माती गुलाबी होते, पण हा रंग फक्त खोली सांगतो, टक्केवारी नव्हे. टक्केवारीसाठी चुना पसरण्यापूर्वी एक चौरस मीटरची ताडपत्री अंथरून तिच्यावर पडलेला चुना तोलावा. प्रयोगशाळेत वापरलेल्या चुन्यापेक्षा साइटवरचा चुना कमी शुद्ध असेल, तर त्या प्रमाणात वजन वाढवावेच लागेल.