कोरडी हवा आणि ड्राय रूम

"सोलापुरात उन्हाळ्यात हवा एवढी कोरडी असते, मग लिथियम-आयन बॅटरीचे सेल बनवायला वेगळी ड्राय रूम कशाला?"

अहो, ती कोरडी आपल्या घामाला, सेलला नाही! एप्रिलच्या दुपारी ४० डिग्री, आर्द्रता २० टक्के धरली तरी एका घनमीटरात साधारण १० ग्रॅम पाणी असतंच, आणि ड्राय रूमचा ड्यू पॉइंट, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं ते तापमान, उणे ४० डिग्री ठेवला की ते ०.१ ग्रॅमच्या आसपास येतं, म्हणजे शंभरपट कमी. इलेक्ट्रोलाइटमधलं LiPF₆ हे लिथियमचं मीठ पाण्याशी भिडलं की हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड होतं, ते अ‍ॅनोडवरचा संरक्षक थर खातं, त्या थरातल्या कार्बोनेटवर गेलं तर परत पाणी आणि गॅस, मग तेच पाणी पुन्हा LiPF₆ च्या मागं. म्हणून पाऊच फुगतो, कपॅसिटी लवकर घसरते. आणि इलेक्ट्रोड आधी व्हॅक्यूममध्ये नीट वाळवले नसतील तर नुसती रूम कोरडी ठेवून काय उपयोग?