रोम्बर्गच्या तक्त्यात उजवीकडचा आकडा नेहमी जास्त खरा मानावा का?

मंदार: ० ते १ मध्ये √x चं संकलन करतोय. ट्रॅपेझॉइडलचे १, २, ४, ८ भागांचे अंदाज ०.५०००, ०.६०३६, ०.६४३३, ०.६५८१ आले. त्यावरून रोम्बर्गचा तक्ता भरला, तर शेवटच्या ओळीत ०.६५८१, ०.६६३१, ०.६६३५, ०.६६३६. शेवटचे दोन जवळजवळ सारखे आहेत, म्हणजे उत्तर ०.६६३६ ना?

प्रज्ञा: हो, थांबायची खूण तीच. शेजारचे दोन आकडे जुळले की झालं. आमच्या प्रोग्रॅममध्ये हीच अट आहे.

वसंत कुलकर्णी: अजिबात नाही. खरं उत्तर २/३, म्हणजे ०.६६६७. चूक ०.००३१ आहे आणि शेजाऱ्यांमधला फरक ०.०००१. आकडे एकमेकांशी जुळलेत, उत्तराशी नाही.

पहिला रकाना बघा. लागोपाठच्या फरकांचं गुणोत्तर ४ च्या जवळ यायला हवं, कारण भागाची रुंदी निम्मी झाली की चूक चौथाई होते, आणि नवा अंदाज ४ ने गुणून, त्यातून जुना वजा करून ३ ने भागणं या गृहीतावरच उभं आहे. इथे गुणोत्तर २.६१, मग २.६८. ते २.८३ कडे चाललंय, कारण शून्यापाशी √x चा उतार अनंत आहे आणि चूक रुंदीच्या दीडाव्या घाताने घटते. पुढच्या रकान्यांचे १६ आणि ६४ हे गुणक ती चूक घालवूच शकत नाहीत.

प्रज्ञा: मग रोम्बर्ग निरुपयोगीच म्हणा. सरळ गाऊसची पद्धत वापरा.

वसंत कुलकर्णी: गाऊसलाही तो टोकाचा बिंदू त्रास देतोच. शिवाय रोम्बर्गमध्ये भाग दुप्पट केले तरी जुनी मूल्यं वाया जात नाहीत, फक्त मधले नवे बिंदू काढायचे. खरा उपाय x = t² ठेवण्याचा. मग 2t² उरतं, आणि दुसऱ्याच रकान्यात अचूक २/३ मिळतं. बदल करायचा नसेल तर ३ ऐवजी १.८३ ने भागा: ०.६५८१ + ०.०१४८/१.८३ = ०.६६६२. एका पायरीत तुमच्या पूर्ण तक्त्यापेक्षा बरं.

सुनंदा: मी कालव्याच्या विसर्गाच्या तासागणिक नोंदींवर दिवसाचं एकूण पाणी काढते. ८, ४, २, १ तासांच्या अंतराने हाच तक्ता भरते. तो चालेल ना?

वसंत कुलकर्णी: ताई, गुणोत्तर तपासा. मोजपट्टी वाचण्यातली चूक अंतर निम्मं केल्याने घटत नाही. उलट दुसऱ्याच रकान्यात एकाआड एक नोंदीला दुप्पट वजन मिळतं, आणि त्याला पाण्याच्या बाजूने काही कारण नाही. मी पहिल्या रकान्यावरच थांबेन.

प्रज्ञा: हे पटत नाही. पूर सावकाश चढत-उतरत असेल तर दुसरा रकाना मी तरी सोडणार नाही. √x बाबत मान्य, प्रोग्रॅममध्ये गुणोत्तराची अट घालते. पण गुणोत्तर ४ पासून किती ढळलं की थांबायचं? ३.९ चालेल, ३.५ चं काय?

वसंत कुलकर्णी: एका गुणोत्तरावर ठरवू नका. भाग वाढवल्यावर ते ४ कडे सरकतंय की दुसरीकडेच स्थिरावतंय, ते पाहा. ठाम आकडा माझ्याकडे नाही.