चार्जिंग अ‍ॅपच्या स्क्रीनशॉटवरून किमीचा खरा खर्च कसा काढता? (अनुभव धागा)

मृण्मयी_रामबाग
काल माळा आवरताना बाबांची स्कूटरची डायरी सापडली. टाकी गच्च भरायची, किमीचा आकडा लिहायचा आणि पुन्हा गच्च भरेपर्यंत गेलेलं सगळं पेट्रोल त्या किमीवर वाटायचं. मध्ये कुठे अर्धा लिटर घातला तर त्याचीही नोंद, पण हिशेब गच्च ते गच्चच. इलेक्ट्रिक गाडीलाही मी हेच करते, डायरीऐवजी स्क्रीनशॉट.

परवा इंदूर–भोपाळ–इंदूर झालं, कोलारला बहिणीकडे. विंडसर, ३८ युनिटची बॅटरी. घरून १०० टक्क्यांवर निघालो. भोपाळला २८ वरून ८५ पर्यंत फास्ट चार्ज केली. स्क्रीनशॉटवर २३ युनिट, दर १८, म्हणजे ४१४, वर १८ टक्के जीएसटी ७४.५२, एकूण ४८८.५२. घरी परतलो तेव्हा १७ टक्के उरले होते. रात्री घरी पुन्हा १०० केली, वेगळ्या मीटरवर ३६ युनिट. आमच्या बिलात वरच्या स्लॅबला सगळं धरून साडेसात पडतात, म्हणून २७०. फिरले ३९० किमी. ७५८.५२ भागिले ३९०, म्हणजे किमीला १ रुपया ९४ पैसे.

भोपाळचे ४८८ भागिले ३९० केलं तर आकडा छान दिसतो, पण मग घरून भरून नेलेली वीज फुकट धरल्यासारखं होतं. तुम्ही कसं काढता? स्क्रीनशॉट नसला तरी चालेल, आकडे लिहा.

सुदामानगरकर
एवढं कशाला ताई. दर १८, बॅटरी ३८. ६८४ रुपयांत फुल चार्ज. कंपनी सांगते त्या रेंजने भागा, झालं.

मृण्मयी_रामबाग
दादा, गुणाकार बरोबर आहे पण तो दर जीएसटी सोडून असतो. तो घातला की ६८४ चे ८०७ होतात. शिवाय माझे ५७ टक्के भरायला २३ युनिट लागले, म्हणजे १०० टक्क्यांना ३८ नाही, ४० च्या वर जातात. मी सरळ असं करते:

```
कापलेले रुपये ÷ वाढलेले टक्के × 100
488.52 ÷ 57 × 100 = 857
```

बॅटरीचा आकडा लागतच नाही यात. आणि रेंज कंपनीची नको, आपली घ्यायची. माझे त्या फेरीत जाताना ७२ आणि येताना ६८ असे १४० टक्के गेले, ३९० किमीला. टक्क्याला पावणेतीन किमीच्या थोडं वर. म्हणजे सगळं बाहेरच चार्ज केलं असतं तर किमीला ३ रुपये ८ पैसे, सगळं घरी केलं असतं तर १ रुपया १७ पैसे.

सुदामानगरकर
३ रुपये?? मग आमची सीएनजी काय वाईट

अनघा_ग्वाल्हेर
मी ५०० टाकले, स्क्रीनशॉटमध्ये ५०० च दिसतात आणि चार्जिंग थांबल्यावर ३१२ वॉलेटमध्ये परत आले. आता ते बँकेत कसे आणायचे? कस्टमर केअर फोन उचलत नाही. कोणाचे आले का परत

मृण्मयी_रामबाग
अनघाताई, परताव्याचं मला माहीत नाही गं. पण खर्च १८८ च धर. सुरुवातीला अडकवलेले पैसे आणि शेवटी कापलेले पैसे वेगळे असतात. चार्जिंग संपल्यावरच्या बिलाचा स्क्रीनशॉट ठेव, सुरुवातीचा नको. बँकेच्या मेसेजवरून तर अजिबात नको.

अनघा_ग्वाल्हेर
बरं झालं विचारलं. इकडे उन्हाने जीव नकोसा झालाय, गाडीत एसी लावून बसते चार्ज होईपर्यंत

केबल_आणि_गन
चार्जर बसवणं हेच माझं काम, म्हणून लिहितो. अनघाताई, एसी लावून बसलात तर ती वीजही त्याच युनिटांत मोजली जाते. बॅटरी गार ठेवायला गाडीचे पंखे चालतात तीसुद्धा. म्हणूनच ५७ टक्क्यांना हिशेबाने २१.७ युनिट यायला हवे तिथे मृण्मयीताईंना २३ आले. चार्जरने लुबाडलं असं नाही.

घरचं उलट. घरी एसी करंट गाडीत जातो आणि त्याचा डीसी गाडीतला चार्जर करतो, तुमच्या मीटरच्या पुढे. ती घट तुमच्या खिशातून जाते. बघा, घरी ८३ टक्क्यांना ३६ युनिट लागले, बॅटरीत गेले साधारण साडेएकतीस. दहा-पंधरा टक्के घट नेहमीची. वीसच्या वर गेली तर मात्र वायरिंग आणि सॉकेट बघून घ्या. सॉकेट हाताला गरम लागत असेल तर आधी चार्जिंग बंद करा.

अजून एक. छोट्या चार्जवरून हिशेब करू नका. अ‍ॅप पूर्ण टक्केच दाखवतं. ३० ते ४० असं दिसलं तर आत ते सव्वानऊ असेल नाहीतर पावणेअकरा. दहातला एक इकडेतिकडे झाला की आकड्यात दहा टक्क्यांची चूक. पन्नासेक टक्के भरले की ती चूक दिसेनाशी होते.

दांडियाबाजार_बडोदे
आमच्याकडे घरचा हिशेब सबमीटरवर. १५ अँपियरचा सॉकेट, रात्री लावतो. प्रश्न असा की वायरिंग आणि सबमीटरचा खर्च किमीत धरायचा का? मुलगा म्हणतो धरा, मी म्हणतो तो घराचा खर्च. घरात रोज वाद.

सुदामानगरकर
धरायलाच पाहिजे

मृण्मयी_रामबाग
मी नाही धरत काका. गाडी विकली तरी सॉकेट घरातच राहणार.

दांडियाबाजार_बडोदे
मुलाला हे वाचायला देतो.

महेश्वरवारी
एकेरी प्रवासावर कोणी काढू नका. इंदूरहून महेश्वरला जाताना घाट उतरतो, सुमारे चारशे मीटर खाली. जाताना २७ टक्के, येताना त्याच रस्त्याने ३६. जातानाचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की सगळे विचारतात कुठली गाडी घेतली. दोन्ही बाजू मिळूनच खरं. आणि नर्मदेवर सकाळी सहाला पोचा, घाट रिकामा असतो.

अनघा_ग्वाल्हेर
महेश्वरला राहायची सोय कुठे चांगली? आईला न्यायचंय

महेश्वरवारी
घाटाजवळ धर्मशाळा आहेत, पण पायऱ्या फार. आईंचे गुडघे कसे आहेत त्यावर ठरवा.

दांडियाबाजार_बडोदे
माझा दुसरा प्रश्न. गाडीच्या पडद्यावर बॅटरीत आलेले २१.९ युनिट दिसले आणि अ‍ॅपवर २३. भांडायचं कोणाशी?

केबल_आणि_गन
पैसे २३ चे गेले, खर्चाला तोच आकडा. गाडीचे टक्के कितपत खरे हे मात्र सांगणं अवघड. एलएफपी बॅटरीत व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे बरेच दिवस १०० पर्यंत नेली नाही तर टक्के भरकटतात. कंपनीच्या पुस्तकात किती दिवसांनी फुल करायची ते दिलेलं असतं, ते पाळा आणि त्यानंतरच्या चार्जवरून पुन्हा मोजा. तरीही फरक राहिला तर कोण खरं, हे मी इथे बसून सांगू शकणार नाही.

मृण्मयी_रामबाग
म्हणूनच मी १०० ते १०० धरते. मधले टक्के थोडे भरकटले तरी किमी आणि रुपये दोन्ही बिनचूक राहतात. ८५७ हा आकडा मात्र फक्त तुलनेसाठी. बाहेर फास्ट चार्जरवर ८० च्या पुढे वेग इतका उतरतो की मागे रांग असेल तर भरत बसणं बरं नाही.

सुदामानगरकर
सीएनजीचं पण गच्च ते गच्च काढून बघतो या महिन्यात. पावत्या आहेत सगळ्या. इथेच टाकू का?

मृण्मयी_रामबाग
टाका ना दादा. किमीचे फोटोही काढून ठेवा, दोन्ही वेळचे.