ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे कोणत्या कारणाखाली पाठवायचे?

"अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, मग बाबांनी फॅमिली मेंटेनन्स लिहून पाठवले तर काय बिघडलं?"

पैसे पोचतील, पण टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर, जास्त कापला जाईल. अडीच लाख डॉलरची मर्यादा रिझर्व्ह बँकेची. टीसीएसची मर्यादा वेगळी, एका आर्थिक वर्षात १० लाख रुपये, आणि ती पाठवणाऱ्याच्या पॅनवर मोजतात. जर्मनीचं ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, ११,९०४ युरोंचं. युरो १०० रुपये धरला तर ११,९०,४०० रुपये होतात, म्हणजे १,९०,४०० वरचे. मेंटेनन्स लिहिलंत तर त्यावर २० टक्के, म्हणजे ३८,०८० रुपये अडकतात. शिक्षणासाठीचा दर याहून खूप कमी आहे, आणि त्यात फीबरोबर राहण्याखाण्याचा खर्चही धरतात. म्हणून फॉर्मवर शिक्षणाचा S0305 हा कोड आहे ना, ते सही करण्याआधी बघाच. काउंटरवर घाईत मेंटेनन्सचा S1301 पडतो. आयकर कायद्याच्या ८०ई मध्ये बसणारं शैक्षणिक कर्ज असेल तर टीसीएस लागतच नाही. आईचं स्वतःचं बचत खातं असेल तर दोन-अडीच लाख तिच्या पॅनवरून पाठवा, दोघंही मर्यादेत राहतात. कापलेले पैसे बुडत नाहीत, रिटर्नमध्ये मिळतात, पण ऐन निघण्याच्या वेळी ते हातात नसतात.

आणि तिथे पोचल्यावर करायच्या आन्मेल्डुंगची, म्हणजे राहत्या पत्त्याच्या सरकारी नोंदणीची, अपॉइंटमेंट निघण्याआधीच शोधायला लागा. बऱ्याच बँका चालू खात्यासाठी त्या नोंदणीचाच कागद मागतात, आणि ब्लॉक्ड अकाउंटमधून दरमहा सुटणारे ९९२ युरो त्या खात्यातच येतात. पहिल्या महिन्याचं भाडं नि डिपॉझिट यांची सोय वेगळी ठेवा.