अनुभव धागा: उन्हात जळालेला पांढरा कुर्ता आणि चेहऱ्यावरचे तेज

धागाकर्ती, नागपूर
अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर भर दुपारी मी वडिलांचे छायाचित्र काढले. चेहरा मनासारखा आला. मात्र पांढऱ्या कुर्त्याचा उजवा खांदा आणि छाती कोऱ्या कागदासारखी झाली. लाइटरूममध्ये Highlights उणे ९० पर्यंत ओढल्यावर कापडाचे विणकाम दिसू लागले, पण त्याबरोबर कपाळावरचे आणि गालावरचे तेजही गेले आणि चेहऱ्यावर राख फासल्यासारखी कळा आली. फाइल रॉ आहे. अशा प्रसंगी आपण काय केले, ते कृपया लिहावे.

महालातील स्टुडिओवाले
आपल्या वडिलांच्या कपाळावरची चमक आणि कुर्त्याच्या चुण्यांमधील सावली यांचा उजेड जवळपास सारखाच असतो, आणि पट्टीला त्वचा कोणती व कापड कोणते हे कळत नाही, म्हणून दोन्ही एकत्रच खाली येतात. पट्टी पूर्ण चित्रावर न चालवता फक्त कापडावर चालवावी.

त्याआधी मी एक परीक्षा घेतो. Exposure तात्पुरते दोन स्टॉप खाली नेतो. खांद्यावर शिवण आणि चुण्या उमटल्या, तर माल शिल्लक आहे. एकसारखा राखाडी डाग दिसला, तर तिथे परत आणण्यासारखे काही नाही. मग Exposure मूळ जागी आणतो.

गेल्या वैशाखातील एका साक्षगंधाच्या छायाचित्रात खांदा या परीक्षेत उतरला होता. Select People मधून Clothes निवडून मास्क केला. तो गळ्यावर आणि दाढीच्या टोकावर सांडला होता, तेवढा ब्रशने वजा केला. हे राहिले की हनुवटीखाली मळकट कडा दिसते आणि पाहणारा चेहऱ्यालाच दोष देतो. मास्कमध्ये Highlights उणे ७० आणि Exposure उणे ०.३५ ठेवले. उन्हातल्या खांद्यावर कर्सर नेल्यावर हिस्टोग्रामखाली तिन्ही रंगांचे आकडे आधी १०० टक्के होते, ते ९२ च्या आसपास आले. मी ९० च्या खाली सहसा जात नाही, कारण त्यानंतर कापड न धुतल्यासारखे वाटते. खांद्यावर किंचित गुलाबी झाक आली होती. ती मास्कमधील Saturation उणे ३० केल्यावर गेली. चेहऱ्याला हातही लावला नाही.

एक हौशी, धरमपेठ
एवढा खटाटोप कशाला? मी उन्हात नेहमी दोन स्टॉप कमीच घेतो आणि चेहरा नंतर उचलतो. कुर्ता कधीच जळत नाही.

महालातील स्टुडिओवाले
कमी घेणे योग्यच आहे, पण दोन स्टॉप मला जास्त वाटतात. सावलीतला सावळा चेहरा एवढा उचलला की गालावर रवाळ ठिपके येतात. मी दोन तृतीयांश स्टॉपवर थांबतो. शिवाय कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे तो कुर्ता जळाल्याचे सांगत असला तरी रॉमध्ये बहुधा थोडे शिल्लक असते.

निवृत्त शिक्षिका, सक्करदरा
आमच्याकडे यजमानांचा सदरा प्रत्येक छायाचित्रात निळसर येतो. नीळ कमी घातली तर फरक पडेल का?

धागाकर्ती
काकू, तुमचा प्रश्न रंगाचा आहे, जळण्याचा नाही. छायाचित्र सावलीत काढले असेल तर आकाशाचा निळा उजेडही सदऱ्यावर उतरतो; निळीवर सगळा दोष ढकलू नये.

अल्बमचे काम करणारा, इतवारी
माझ्याकडे बहुतेक फाइली मोबाइलच्या जेपेग असतात. त्यांत खांद्याचे तिन्ही आकडे १०० असले की पट्टी कितीही ओढा, पांढऱ्याचे राखाडी होते, विणकाम येत नाही. अशा वेळी त्याच क्षणाच्या दुसऱ्या छायाचित्रातील, त्याच बाजूने उजेड पडलेल्या खांद्याचा तुकडा मी घेतो आणि चुण्यांची दिशा जुळवतो. कुटुंबाच्या अल्बमसाठी मला हे चालते. बातमीच्या छायाचित्रात मी करणार नाही.

महालातील स्टुडिओवाले
अल्बमसाठीही मला पटत नाही. नाण्याएवढा खांदा पांढरा राहिला तर राहू द्यावा. दुपारचे ऊन तसेच असते.

धागाकर्ती
परीक्षा घेतली. छातीवर काजपट्टी आणि खिशाची शिवण स्पष्ट उमटली, खांद्याच्या टोकावर मात्र तळहाताएवढा राखाडी डाग राहिला. मास्कमध्ये Highlights उणे ६५ वर थांबले. छातीचा आकडा ९३ आहे आणि कपाळ पहिल्यासारखे उजळ आहे. कुर्त्यावरून परतलेल्या उजेडाने हनुवटीखालचा भाग अजून चमकतो, तो तसाच ठेवला. खांद्याचे टोक मात्र तसेच सोडावे की दुसऱ्या छायाचित्रातून भरावे, यावर घरात दोन मते आहेत.